दोघांना दोन-दोन लाख? संयुक्त गृहकर्ज, व्याजाची वजावट आणि आयकराची नोटीस

हा आपल्या एपिसोडचा लेखी भाग. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते इथे सावकाश मांडतोय. प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. नवरा-बायको दोघं नोकरीला, पुण्यात फ्लॅट घेतला, कर्ज दोघांच्या नावावर. रिटर्न भरताना दोघांनी व्याजाचे दोन-दोन लाख दाखवले, आणि वर्षभराने एकाला नोटीस आली. आता?

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करू. दोघांनी वजावट घेणं बेकायदा नाही. राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाला कलम 24(b) खाली वजावट मिळते आणि तिची मर्यादा प्रत्येक सहमालकाला वेगळी, म्हणजे वर्षाला प्रत्येकी दोन लाख आहे. पण दोन लाख ही मर्यादा आहे, हक्काची रक्कम नव्हे. आधी प्रत्यक्ष व्याज दोघांत वाटायचं, आणि मग प्रत्येकाच्या वाट्याला दोन लाखांची कात्री लावायची. बहुतेक जण हे उलट करतात, कारण बँकेच्या व्याजाच्या दाखल्यावर दोघांची नावं असतात पण आकडा एकच, पूर्ण कर्जाचा असतो. तोच दाखला दोघं आपापल्या एचआरला देतात.

उदाहरण घेऊ. हे मीच रचलंय, पण असं खूप घरांत घडतं. धायरीतला फ्लॅट, दोघं समान मालक, दोघं कर्जदार. आर्थिक वर्ष 2023-24 मध्ये एकूण व्याज 3,10,000 रुपये. दोघांनी 2,00,000 दाखवले, म्हणजे घरात मिळून 4,00,000. बँकेला व्याज गेलं 3,10,000, वजावट घेतली चार लाखांची! बरोबर हिशोब प्रत्येकी 1,55,000, म्हणजे प्रत्येकाने 45,000 जास्त घेतले. हेच व्याज 4,80,000 असतं, तर वाटा 2,40,000 आला असता आणि प्रत्येकी पूर्ण दोन लाख बरोबर ठरले असते.

वाटा ठरतो कशावरून? मालकीवरून. नुसतं कर्जाच्या कागदावर नाव असून भागत नाही, घराच्या कागदावरही लागतं. म्हणून नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू काढून बघा. त्यात वाटा लिहिलेला नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात मालकी धरली जाते, आणि त्याचाही पुरावा नसेल तर समान.

इथे महाराष्ट्रातली एक खास गोम आहे. 1 एप्रिल 2021 पासून घर फक्त बाईच्या नावावर नोंदवलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर ऐंशी हजार वाचतात, म्हणून अनेकांनी नवऱ्याचं नाव करारात घातलंच नाही, कर्जात मात्र घातलं. असा नवरा सहकर्जदार आहे, मालक नाही, आणि मालक नसलेल्याला ही वजावट नाही. तो हप्ता भरत असला तरी नाही. 30 टक्क्यांच्या टप्प्यात दोन लाखांच्या वजावटीने वर्षाला 62,400 रुपये कर वाचतो. तेव्हा सही करण्याआधी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा.

दुसरी अट करपद्धतीची. राहत्या घराच्या व्याजाची वजावट फक्त जुन्या पद्धतीत मिळते. एकाने जुनी आणि दुसऱ्याने नवी निवडली, तर नव्यातल्याचा वाटा वाया जातो. तो जोडीदाराकडे सरकवता येत नाही.

आता नोटीस. आपल्या उदाहरणात रिटर्न जुलै 2024 मध्ये भरलं. कलम 143(2) ची छाननीची नोटीस अशा रिटर्नसाठी 30 जून 2025 पर्यंत यायला हवी. त्यानंतर 142(1) खाली प्रश्नावली येते: मालकीचे कागद द्या, व्याजाचा दाखला द्या, सहकर्जदाराने किती वजावट घेतली ते सांगा. ईमेल आला की आधी तो खरा आहे का ते तपासा. प्रत्येक खऱ्या नोटिशीवर डीआयएन क्रमांक असतो. तो incometax.gov.in वर नोटीस पडताळण्याच्या सोयीत टाकून बघा. मेलमधल्या लिंकवर जाऊ नका. छाननी आता फेसलेस आहे, त्यामुळे पुण्यातल्या ऑफिसात फाइल घेऊन जाण्याचा उपयोग नाही. पोर्टलवर लॉगिन करून `Pending Actions` मधल्या `e-Proceedings` मध्येच उत्तर द्यायचं. मुदत पुरत नसेल, तर ती संपण्याआधी तिथूनच वाढवून मागा.

कागद पाच: इंडेक्स टू किंवा करारनामा, कर्जमंजुरीचं पत्र, त्या वर्षाचा व्याजाचा दाखला, ताबापत्र, आणि हप्ते गेलेल्या खात्याचं स्टेटमेंट. हप्ता एकाच्याच खात्यातून जातो म्हणून दुसऱ्याचा दावा आपोआप बाद होत नाही. कलमात शब्द ‘देय’ व्याजाचा आहे आणि दोघंही कर्जाला बांधील आहेत. पण खरा भार कोण उचलतं हे अधिकारी विचारू शकतो. बायको दरमहा नवऱ्याच्या खात्यात आपला वाटा पाठवत असेल, तर त्या नोंदी जोडा. अशा नोंदी नसतील, तर उत्तर तेवढं कमजोर पडतं.

उदाहरणातली बायको असं लिहील:

> मी व माझे पती सदर सदनिकेचे समान सहमालक व सहकर्जदार आहोत (इंडेक्स टू व मंजुरीपत्र जोडले आहे). वर्षातील एकूण व्याज रु. 3,10,000 असून माझा निम्मा वाटा रु. 1,55,000 होतो. रिटर्नमध्ये रु. 2,00,000 दाखवले गेले. जादा रु. 45,000 ची वजावट मी स्वतःहून मागे घेत आहे. हिशोब सोबत जोडला आहे.

जादा घेतलं असेल तर ते लपवू नका. नोटीस आल्यावर रिटर्न सुधारण्याची वाट बंद झालेली असते, म्हणून कबुली उत्तरातच द्यायची. 45,000 वर 30 टक्के दराने सेससह कर होतो 14,040, वर व्याज. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड या कराच्या 50 टक्के, म्हणजे 7,020 रुपये. पण दाव्याला काहीच पुरावा नसेल आणि तो चुकीची माहिती दिल्याचा प्रकार ठरला, तर दंड 200 टक्के, म्हणजे 28,080. आदेश आल्यावर कर आणि व्याज मुदतीत भरलं आणि अपील केलं नाही, तर 50 टक्क्यांच्या दंडातून माफी मागता येते. त्यासाठी आदेश मिळालेला महिना संपल्यापासून एक महिन्यात फॉर्म 68 भरावा लागतो.

आणि नवऱ्याचं काय? त्यानेही 45,000 जास्त घेतलेत, आणि बायकोच्या उत्तरात त्याचा आकडा येणारच. त्याच्यावर त्या वर्षाची कारवाई सुरू नसेल, तर तो अद्ययावत रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू, भरू शकतो. 31 मार्च 2026 पर्यंत भरलं तर त्यावर कर आणि व्याजाच्या 25 टक्के जादा कर, त्यानंतर हा दर वाढतो. शक्यतो बायकोचं उत्तर जायच्या आधीच हे उरका, म्हणजे दोघांचे आकडे जुळतील.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू आहे आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत. पण या जुन्या वर्षाच्या नोटिशीला जुनीच कलमं लागू राहतील. पुढच्या वर्षी एचआरला दाखला देताना त्यावर पेनने आपला वाटा लिहा आणि दोघांचे आकडे मिळून दाखल्यावरच्या रकमेपेक्षा जास्त होत नाहीत ना, एवढं बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.