वांगावरील मिश्र मलम आणि गर्भावस्था

गर्भावस्थेत अनेक स्त्रियांच्या गालांवर, कपाळावर व वरच्या ओठावर जो तपकिरी डाग उमटतो, त्यास मराठीत वांग म्हणतात. त्यावर औषधांच्या दुकानातून, पुष्कळदा वैद्याच्या चिठ्ठीविनाच, एक मिश्र मलम आणले जाते. क्लिगमन व विलिस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मिश्रणाचा हा वारस होय. भारतात मिळणाऱ्या नेहमीच्या प्रकारात हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का असते. गर्भिणीने वर्ज्य करावयाच्या द्रव्यांचा विचार या एका नळीवरून पुष्कळसा करता येतो.

ट्रेटिनॉइन हे जीवनसत्त्व ‘अ’चे आम्लरूप होय. त्याचेच भावंड आयसोट्रेटिनॉइन मुरुमांसाठी पोटातून दिले जाते, आणि त्याने गर्भाचे कान, हृदय, मेंदू व थायमस यांत गंभीर व्यंगे उत्पन्न होतात, हे १९८५ पर्यंत निर्विवाद सिद्ध झाले. गर्भाच्या पेशींनी कोठे काय घडवावे याचा संकेत हेच आम्ल अल्प प्रमाणात देत असते. ते अधिक झाले की संकेत बिघडतो. म्हणून आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळतात. लेपाची गोष्ट मात्र तपासून पाहिली पाहिजे.

समजा, एखादी स्त्री रोज अर्धा ग्रॅम मलम लावीत होती आणि आठव्या आठवड्यात तिला गर्भ राहिल्याचे कळले. अर्ध्या ग्रॅमात ट्रेटिनॉइन ०.१२५ मिलिग्रॅम असते. त्यातील सुमारे २ टक्के त्वचेतून शोषले जाते असे धरल्यास शरीरात अवघे ०.००२५ मिलिग्रॅम जाते. पोटातून दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनची मात्रा ४० मिलिग्रॅमच्या घरात असते, हे येथे ध्यानी घ्यावे. हायड्रोक्विनोनचा हिशेब निराळा आहे. त्याच अर्ध्या ग्रॅमात ते १० मिलिग्रॅम असून त्वचेतून त्याचे शोषण ४५ टक्क्यांपर्यंत आढळले आहे. म्हणजे सुमारे साडेचार मिलिग्रॅम रक्तात उतरते. त्यामुळे व्यंग होते असे दिसून आलेले नाही. परंतु इतके शोषले जाणारे द्रव्य केवळ वर्णासाठी गर्भावस्थेत वा स्तन्यपानाच्या काळात लावण्याचे समर्थन होत नाही.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. मलम त्याच दिवशी थांबवावे व प्रसूतितज्ज्ञास सांगावे. पण अजाणता लावलेल्या लेपापायी गर्भपाताचा विचार करण्यास काहीच आधार नाही. ट्रेटिनॉइन, अॅडापालीन व टाझारोटीन हे लेप टाळतात ते मुख्यतः सावधगिरी म्हणून, आणि ती योग्यच आहे. तिसऱ्या घटकाची आठवण मात्र सहसा कोणी ठेवीत नाही. स्टेरॉइड महिनोन्महिने लावून एकाएकी बंद केले की चेहरा लाल होतो, जळजळतो व बारीक पुळ्या उठतात. पुष्कळ स्त्रिया यास गर्भावस्थेचाच परिणाम समजतात आणि पुन्हा तेच मलम लावतात. मलम थांबविल्यानंतर थोड्याच दिवसांत त्रास सुरू झाला व लावताच शमला, तर ही त्याची खूण समजावी आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे.

पर्यायांत अॅझेलेइक आम्लास अग्रस्थान द्यावे लागते. गहू व सातू यांसारख्या धान्यांत ते स्वभावतःच असते, लेपातून फारच थोडे शोषले जाते, आणि रंगद्रव्य घडविणाऱ्या टायरोसिनेज या विकरास ते अडविते. शिवाय मुरुमांच्या जंतूंवरही चालते, म्हणजे दोन्ही तक्रारींस एकच औषध पुरते. १५ ते २० टक्क्यांचे मलम प्रथम एकाआड एक रात्री लावावे. पहिले काही आठवडे खाज वा चुणचुण होते. ती सोसवत नसेल तर थांबावे, कारण सावळ्या त्वचेत दाहच नवा डाग मागे ठेवतो. लिंबाचा रस चोळण्याच्या घरगुती उपायाचा तोटा नेमका हाच. बारा आठवड्यांपूर्वी गुणाचा निर्णय करू नये.

मुरुमांची सूज अधिक असल्यास २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड थोड्या जागेवर चालते. त्याचे त्वचेतच बेंझोइक आम्ल होते व जे थोडे शोषले जाते ते मूत्रावाटे निघून जाते. उशीचा अभ्रा मात्र विटतो. २ टक्के सॅलिसिलिक आम्लाने तोंड धुण्यास हरकत नाही, परंतु त्याच आम्लाचे तीव्र लेप मोठ्या भागावर देऊन साल काढणे टाळावे.

वांगावर याहून परिणामकारक उपाय म्हणजे प्रकाशापासून संरक्षण. डोळ्यांना दिसणारा प्रकाशही वांग गडद करतो आणि पांढरे किंवा पारदर्शक सनस्क्रीन तो पुरेसा अडवीत नाही. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्यावे व दुपारी ते पुन्हा लावावे.

स्तन्यपानाच्या काळात अॅझेलेइक आम्ल व बेंझॉइल पेरॉक्साइड चालू ठेवता येतात. एवढेच की लेप स्तनांवर लागू नये आणि बाळाचा गाल लेप लावलेल्या त्वचेवर टेकू नये. पोटातील आयसोट्रेटिनॉइन या काळातही वर्ज्यच. प्रसूतीनंतर काही महिन्यांत वांग पुष्कळदा आपोआप फिका होतो. तेव्हा उरलेल्या डागासाठी तीव्र औषधांचा विचार मूल अंगावरून सुटल्यानंतर करता येतो.