बुडत्याला दोराचा आधार

हर्णैच्या समुद्रात आमच्या मचव्याचे इंजिन बंद पडले, तेव्हा मदतीची होडी थेट आम्हांला येऊन भिडेल, अशी माझी भाबडी समजूत होती. पण तिचा तांडेल लांबच थबकला. वाऱ्याने कोण किती वाहते आहे, हे तो पाहत होता! लाटांवर होड्या आदळल्या, तर फळ्या फुटतात. मध्ये सापडलेला हात चिरडतो. मग हळूच आमच्या नाळेसमोरून जात त्याने वजन बांधलेली बारीक दोरी फेकली. तिच्यामागून जाड दोर आला.

त्याने तो एका खुंट्याला बांधला नाही. पिछाडीच्या दोन्ही कोपऱ्यांना एका आखूड दोराची दोन टोके बांधली आणि मध्यावर हा लांब दोर जोडला. ओढ एकाच कोपऱ्यावर आली असती, तर त्याची होडी सारखी त्याच बाजूला वळली असती.

दोर इतका लांब सोडला, की दोन्ही होड्या एकदमच लाटेच्या माथ्यावर याव्यात. नाहीतर तो सैल पडतो आणि मग जबर हिसका बसतो. 25 फुटी होडी एरवी ताशी 6 सागरी मैल सहज जाते. त्याने 3च्या वर जाऊ दिले नाही. आमची नाळ डावीउजवीकडे झुलू लागली, की तो वेग आणखी उतरवी.

दोराच्या रेषेत कोणालाच बसू दिले नाही. तुटलेला दोर चाबकासारखा उलटतो. बंदराशीही तो एकदम थांबला नाही. सैल दोर पंख्यात गुंतला, तर ओढणाऱ्यालाच ओढायला तिसरा शोधावा लागतो!