पुलाखालचं पाणी : गर्भपिशवीच्या ऑपरेशनमधली एक नाजूक जागा

पिशवी काढल्यावर कुणाला अंगावरून सारखं पाणी जातं, तेव्हा ‘टाके ओले आहेत, होईल बरं’ असं घरात म्हटलं जातं. ते पाणी कधीकधी लघवी असते. ती तिथे येते कशी, ते आज आम्ही सांगतो.

दोन्ही मूत्रपिंडांतून एकेक बारीक नळी निघते आणि लघवीच्या पिशवीत उतरते. तिला मूत्रवाहिनी म्हणतात. साधारण वीतभर लांब आणि गव्हाच्या काडीएवढी जाड. खाली येताना ती गर्भपिशवीच्या तोंडाच्या बाजूने जाते, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून. नेमकी तिथेच गर्भपिशवीला रक्त पुरवणारी धमनी तिच्यावरून आडवी जाते. धमनी म्हणजे पूल आणि मूत्रवाहिनी म्हणजे खालून जाणारा ओढा. हे दोन्ही बाजूंना असतं.

पिशवी काढायची तर ही धमनी चिमट्यात धरून, कापून बांधावीच लागते. म्हणून डॉक्टर आधी लघवीची पिशवी सोडवून खाली सारतात, म्हणजे मूत्रवाहिन्याही बाजूला सरकतात. मग चिमटा गर्भपिशवीला अगदी चिकटून लावतात. मोठी गाठ असेल किंवा आधीच्या सिझेरियनमुळे आत चिकटलेलं असेल, तर हे अंतर आणखी कमी होतं. खरा धोका रक्त उसळतं तेव्हा. काही दिसत नसताना घाईने लावलेल्या चिमट्यात मूत्रवाहिनी सापडते, टाक्यात बांधली जाते किंवा भाजते.

समजा, एक बाई ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी घरी आली. दहाव्या दिवसापासून कपडा सतत ओला. पण तिला लघवीही नेहमीसारखी होते, म्हणून कुणाला शंका येत नाही. खरं तर एका बाजूची लघवी पिशवीत जातेय आणि दुसऱ्या बाजूची योनीमार्गातून गळतेय. दवाखान्यात योनीमार्गात पांढरा कपडा ठेवून लघवीच्या पिशवीत निळं पाणी भरतात. कपडा निळा झाला तर भोक पिशवीला. ओला झाला पण निळा झाला नाही, तर शंका मूत्रवाहिनीवर. नक्की जागा सीटी स्कॅनमध्ये कळते. मग जमलं तर आत बारीक नळी, म्हणजे स्टेंट घालतात. नाहीतर मूत्रवाहिनी पुन्हा लघवीच्या पिशवीला जोडतात.

नळी पूर्ण बांधली गेली, तर मात्र गळत काहीच नाही. कुशीत दुखतं, ताप येतो, मळमळतं. कधी तेही होत नाही आणि त्या बाजूचं मूत्रपिंड गुपचूप निकामी होतं. तेव्हा कुशीतलं दुखणं गॅसचं समजून अंगावर काढू नका, सोनोग्राफी करून घ्या. मूत्रपिंड फुगलेलं असेल तर बहुतेक वेळा त्यात दिसतं.

ऑपरेशन ठरलं असेल, तर आधीचं सिझेरियन किंवा पोटाचं कुठलंही ऑपरेशन डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि घरी येताना डिस्चार्जचा कागद मागून घ्या. पुढे पाणी जायला लागलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना आत काय केलं होतं ते त्यावरूनच कळतं.