संभाषणांची सुरक्षा (लेखांक ६) : टेलिग्रामवरील परके सत्र

टेलिग्राम या संदेशसेवेत नेहमीची संभाषणे फोनपुरती मर्यादित राहत नाहीत, ती सेवेच्या सर्व्हरवर साठवली जातात; म्हणून खात्यात प्रवेश मिळवलेल्या कोणत्याही संगणकावर जुना संवादही उघडतो. अशा प्रत्येक प्रवेशाला सत्र म्हणतात. सत्र म्हणजे एकदा ओळख पटल्यावर त्या उपकरणाला मिळालेली स्वतंत्र परवानगी. ती मालकाचा फोन बंद असतानाही चालू राहते, आणि नंतर पासवर्ड लावला तरी आपोआप रद्द होत नाही. संशय आल्यावर पासवर्डकडे धावणारे बहुतेक जण नेमके येथेच फसतात.

समजा, कार्यालयातील सामायिक संगणकावर कोणी टेलिग्राम उघडले आणि बाहेर न पडताच ते घरी गेले. Settings मधील Devices या पानावर स्वतःच्या फोनखाली विंडोजवरील Telegram Desktop अशी नोंद दिसेल, आणि तिच्यासोबत अंदाजे ठिकाण व शेवटच्या वापराची वेळही दिसेल. ठिकाण आयपी पत्त्यावरून, म्हणजे जाळ्यातील जोडणीच्या क्रमांकावरून, ठरवले जात असल्याने नाशिकच्या फोनपुढे मुंबई दिसणे हा घुसखोरीचा पुरावा नव्हे. खरा पुरावा अनोळखी उपकरण, किंवा मालक त्या संगणकाजवळ नसतानाची ताजी वेळ हाच होय.

या नोंदीचे छायाचित्र आधी जपून ठेवावे, कारण सत्र बंद होताच ती यादीतून जाते. त्यानंतर Terminate All Other Sessions निवडले की हातातील उपकरण वगळता सर्व उपकरणे बाहेर पडतात. मात्र हातातील सत्र २४ तासांपेक्षा नवे असेल तर टेलिग्राम ही मुभा देत नाही, तेव्हा जुने उपकरण वापरावे. पासवर्ड त्यानंतर लावण्याचे कारण असे की नव्या प्रवेशाचा संकेतांक आधीच्या सत्रांतही संदेश म्हणून पोहोचतो, त्यामुळे परके सत्र जिवंत असेल तर घुसखोर तो वाचून दुसरे सत्र उघडू शकतो. Two-Step Verification मधून लावलेला पासवर्ड या संकेतांकाखेरीज मागितला जातो, म्हणून नुसता संकेतांक हाती लागून प्रवेश मिळत नाही. पासवर्ड परत मिळवण्यासाठी दिलेला ईमेल मात्र घुसखोरालाही उघडता येत असेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ ठरतो; तसेच फोनचे कुलूप उघडण्याचा आकडा घरातील कोणाला ठाऊक असेल, तर तो बदलल्याशिवाय उपाय पुरा होत नाही.

सत्र बंद केल्याने पुढचे वाचन थांबते, पण आधीच काढलेली छायाचित्रे वा उतरवून घेतलेल्या प्रती परत घेता येत नाहीत. Secret Chat मधील संदेश सर्व्हरवर साठत नाहीत आणि संवाद साधणाऱ्या दोन उपकरणांपुरतेच असतात, म्हणून ते त्या संगणकावर दिसलेले नसतात.