बंद मायक्रोवेव्हही वीज खातो. किचनमधलं कोणतं बटण बंद करायचं?

मिक्सर बंद, मायक्रोवेव्ह बंद, इंडक्शन बंद. तरी मीटरवरचा लाल दिवा मधूनमधून लुकलुकतोच. ही वीज कुठं जाते, ते घरच्या घरी मोजता येतं.

मीटरवर 3200 imp/kWh असं छापलेलं असेल, तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतं. घरातलं सगळं बंद करा. फ्रिजही दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवला तर चालतो. मग नऊ वॅटचे दोन बल्ब लावा, कारण फार कमी वीज मीटर धरतच नाही. आता दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागा. उत्तर येईल ते वॅट. (आकडा १६०० असेल तर २२५० ला भागायचं.)

समजा दोन बल्बवर ६२ सेकंद लागले, म्हणजे १८ वॅट. मग मायक्रोवेव्हची पिन लावून फक्त घड्याळ चालू ठेवलं, तर ५४ सेकंद लागले, म्हणजे जवळपास २१ वॅट. नुसतं घड्याळ तीन वॅट खातंय. दिवसरात्र धरलं तर महिन्याला दोन युनिटच्या वर.

आकडा छोटा वाटतो. पण १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह आठवड्यातून एकदाच दहा मिनिटं लावला, तर महिन्याचं गरम करणं एक युनिटही होत नाही. म्हणजे वापरापेक्षा घड्याळच जास्त खातं! त्यात महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतरच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट आहे. काठावरच्या घराला हे दोन युनिट त्याच दराने पडतात.

इंडक्शनचंही तसंच. डिस्प्ले विझला तरी आत एक-दोन वॅट जातात. फक्त स्वयंपाक झाल्या झाल्या बटण बंद करू नका. आतला पंखा थांबू द्या, नाहीतर शेगडी तापलेलीच राहते.

खरा खादाड म्हणजे भाताचा इलेक्ट्रिक कुकर. भात झाला की तो 'वॉर्म'वर जातो आणि तीस-चाळीस वॅट घेत राहतो. सकाळी लावलेला कुकर संध्याकाळपर्यंत आठ तास तसाच राहिला, तर महिन्याला सात ते दहा युनिट जातात. भात झाला की बटण बंद करायचं, झाकण लावून ठेवला तर तो तासभर तरी गरम राहतो.

साध्या मिक्सरची आणि दिवा नसलेल्या किटलीची पिन काढण्यात बचत काहीच नाही, त्यांचा स्विच वीज पूर्ण तोडतो. बाकीच्यांनाही पिन उपसायची गरज नाही, बोर्डावरचं बटण पुरतं. विजांचं वादळ येणार असं दिसलं, तर मात्र ते सुरू होण्याआधीच पिन काढावी, विजा कडकडत असताना पिनेला हात लावू नये.

फ्रिज रात्री बंद ठेवून बचत करणारेही आहेत. ते करू नये, दूध-भाजी नासते आणि सकाळी तो गारवा परत आणायला वीज लागतेच. त्याचा जुना स्टॅबिलायझर मात्र फ्रिज थांबला असतानाही काही वॅट खातो. पण गावात व्होल्टेज वरखाली होत असेल, तर तो काढू नका.