माणसं क्षितिजरेषेशी ताडून पाहा

डहाणू रोड स्थानकाच्या फलाटाचं एकबिंदू यथार्थदर्शनातलं चित्र तपासायचं आहे. आधी फलाटाची कड, रूळ आणि छपराची कड पट्टीने लांबवा; सगळ्या रेषा क्षितिजरेषेवरच्या एकाच बिंदूत मिळायला हव्यात. ही रेषा म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची. फलाटावर उभ्या पाहणाऱ्याचे डोळे 150 सेंटिमीटरवर असतील, तर तिथल्या प्रत्येकाच्या पावलांपासून रेषेपर्यंतची उंची 150 सेंटिमीटरच असते. म्हणून कागदावर पावलं रेषेखाली 6 सेंटिमीटर असतील, तर 180 सेंटिमीटरचा माणूस 7.2 सेंटिमीटर काढावा. 2 सेंटिमीटर असतील, तर 2.4. दूरच्या प्रौढाचं डोकं रेषेखाली गेलं, तर तो खड्ड्यात उभा वाटतो. रुळांवर उतरलेल्याला मात्र हे माप लावू नका. त्याची जमीनच खाली आहे.