आधी सांगायचं, की शोधू द्यायचं?

आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे ‘मुलांना स्वतः शोधू द्या’ हे आम्हाला मनापासून आवडतं. पण आवड म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ, लंबकाचं.

समजा, परळच्या एका शाळेत सातवीच्या मुलांना दोरा, लोखंडी नट आणि घड्याळ दिलं. प्रश्न असा, की झोक्याला लागणारा वेळ कशावर अवलंबून असतो? एक गट २५ सेंटिमीटर दोऱ्याला हलका नट बांधतो. दहा झोक्यांना सुमारे १० सेकंद लागतात. मग मीटरभर दोऱ्याला जड नट बांधतो. आता सुमारे २० सेकंद. मुलं लिहितात, ‘वजन वाढलं की झोका संथ होतो.’ मोजमाप अचूक, निष्कर्ष चूक! लांबी आणि वजन दोन्ही एकदम बदललं होतं ना. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

नेमकी हीच गोष्ट क्लार आणि निगम यांनी अमेरिकेत तिसरी-चौथीच्या मुलांवर तपासली. २००४ साली ते प्रसिद्ध झालं. मुलं उतारावरून चेंडू सोडत होती. ज्यांना शिक्षकाने उदाहरणं देऊन ही युक्ती समजावली, त्यांच्यापैकी ७७ टक्क्यांना ती जमली. ज्यांना स्वतः शोधायला सोडलं, त्यांच्यापैकी २३ टक्क्यांना.

मग सांगणंच श्रेष्ठ? थांबा. २००७ साली डीन आणि कून यांनी तीच युक्ती काही महिने तपासली. फक्त एकदा सांगितलेलं पुढे ओसरलं. ज्यांनी अनेक आठवडे स्वतः प्रश्न सोडवले, त्यांच्याकडे ते टिकलं. म्हणजे सांगण्याने सुरुवात होते, आणि शोधण्याने ते अंगी मुरतं.

आपल्याकडचा अनुभव पाहा. १९७४ साली सुरू झालेलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आधी नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेतून चालायचं. तिथे वि. गो. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी विज्ञानाच्या पुस्तकांची भाषा सोपी करून पाहिली. भाषा कळू लागली, तशी मुलं वर्गात अधिक बोलू लागली. नीट सांगितल्याने शोध थांबत नाही. उलट प्रश्न विचारायला पायाखाली जमीन मिळते.

तेव्हा प्रयोगाआधी शिक्षकाने एवढंच विचारावं, ‘पुढच्या वेळी काय बदलशील, आणि काय तसंच ठेवशील?’ उत्तर आलं, तर बाजूला व्हावं. नाही आलं, तर सरळ सांगावं, एकदा करून दाखवावं, मग दुसऱ्या प्रयोगात पुन्हा विचारावं. ज्याच्या घरी समजावणारं कोणी आहे, त्याची चूक संध्याकाळी सुधारते. लालबागच्या दहा बाय दहाच्या खोलीत ज्याला विचारायला कोणीच नसतं, तो मात्र ती चूक ‘स्वतः शोधलेलं ज्ञान’ म्हणून जपून ठेवतो.